शेततळ्याचा कागद टाकण्याआधी खड्डा असा तयार करा

सिन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात आमची डाळिंबाची बाग आहे. इथं दीड-दोन फूट मातीखाली सरळ मुरूम लागतो. मुरमात खोदलेलं तळं म्हणजे चाळण. पहिल्या वर्षी आम्ही प्लास्टिकचा कागद न टाकता विहिरीचं पाणी उपसून तळं भरलं, तर दिवाळीत तळ दिसायला लागला. मग 500 मायक्रॉनचा कागद टाकला. तो दुसऱ्या पावसाळ्यात फाटला. दुकानदाराशी भांडायच्या तयारीनं कागद उचलला आणि खाली बघितलं, तर एका ठिकाणी मुठीएवढा दगड टोक वर करून बसलेला, आणि वायव्य कोपऱ्यातला भराव हातभर खचलेला. कागदाचा दोष नव्हता. आम्ही त्याला नीट अंथरूणच दिलं नव्हतं.

तीन मीटर खोल पाण्याचा भार तळाच्या एका चौरस मीटरवर तीन टन असतो. तो भार कागद पेलत नाही, खालची जमीन पेलते. जमीन जिथं साथ सोडते, मग ती दगडाच्या टोकाशी असो, पोकळीवर असो की खचलेल्या भरावावर, तिथं सगळा ताण अर्ध्या मिलिमीटरच्या पातळ थरावर येतो. म्हणून या लेखात कागदापेक्षा खड्ड्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

उतार आणि माप

वहीत 30 बाय 30 मीटर लांबी-रुंदी, 3 मीटर खोली आणि 1:1 उतार धरला की तळ्याचं माप 2,196 घनमीटर येतं आणि माणूस खूश होतो. 1:1 म्हणजे एक मीटर खाली उतरताना एक मीटर आत सरकायचं. घट्ट मुरमात हा उतार टिकतो, पण त्यावर कागदाखाली द्यायची चाळलेली माती थांबत नाही, घसरून तळाशी जाते. माती असेल, विशेषतः काळी, तर बाजूच ढासळतात. दुसऱ्या तळ्याला मी 1:1.5 उतार ठेवला. कागद टाकायचा असेल तर मी कुणालाही हाच उतार सांगेन.

त्याचा हिशेब असा. वरची बाजू 30 मीटर. 3 मीटर खोलीला प्रत्येक बाजूनं साडेचार मीटर आत सरकायचं, म्हणजे तळ 21 बाय 21 मीटरचा. मध्यावरची बाजू साडेपंचवीस मीटर. घनफळ काढायला वरचं क्षेत्र, मधल्या क्षेत्राची चौपट आणि तळाचं क्षेत्र यांची बेरीज करायची, सहानं भागायचं आणि खोलीनं गुणायचं: (900 + 2,601 + 441) ÷ 6 × 3 = 1,971 घनमीटर. वरची एक फूट जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर वाऱ्याच्या लाटेनं पाणी काठावर चढून कागद दाबायच्या चरात मुरतं. ती वजा केल्यावर हातात साधारण 17 लाख लिटर पाणी उरतं. बागेचं नियोजन या सतरावर करा.

आधी दोन चाचणी खड्डे

पोकलेन बोलावण्याआधी जेसीबीनं ठरलेल्या जागेत दोन ठिकाणी साडेतीन मीटर खोल खड्डे घेऊन बघा. हे काम पावसाळा संपता संपता करायचं, कारण भूजल तेव्हा सगळ्यात वर असतं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा दिसतो आणि फसवतो. खड्ड्यात रात्रभरात पाणी साचलं तर जागा बदला, नाहीतर खोली कमी करा. कारण तळं रिकामं असताना खालचं पाणी कागदाला उचलतं. तळाशी कागद म्हशीच्या पोटासारखा फुगलेला दिसला की समजायचं, खालून पाणी किंवा हवा आली. त्या फुगवट्यावर पाय देऊन तो दाबायला जाऊ नका, कागद तिथंच ताणून फाटतो.

चाचणी खड्ड्यात दुसरी गोष्ट बघायची ती थरांची. आमच्याकडे दोन फूट माती, त्याखाली मुरूम, मग कठीण खडक. खडक फोडून तळाशी टोकदार कपच्या ठेवण्यापेक्षा खोली कमी करून तळं रुंद करणं परवडतं. लिंब, बाभूळ, उंबर यांच्या मुळांपासूनही लांब राहा. मुळं पाण्याच्या ओलाव्याकडे येतातच.

आखणी आणि खोदाई

सगळ्यात आधी 35 बाय 35 मीटर जागेवरची वरची फूटभर माती खरवडून शेतात पसरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. सुपीक माती वाया जात नाही हा झाला एक फायदा, पण खरा फायदा लव्हाळ्याचा आहे. त्याच्या गाठी वरच्या फूटभर मातीत असतात. लव्हाळा मल्चिंगचा कागद सुईसारखा टोचून वर येतो हे प्रत्येकानं पाहिलेलं असतं. तळ्याच्या काठावर जाड कागदाखालीही त्याचे कोंब दाब देत राहतात. तळाशी, तीन मीटर खोल, लव्हाळा नसतोच. तो असतो काठावर आणि वरच्या मातीनं केलेल्या भरावात. माती खरवडली की औषध फवारायची फारशी गरज उरत नाही.

खरवडलेल्या जागेवर फक्कीनं 30 मीटरचा चौरस आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 42.43 मीटर आले पाहिजेत. कर्णात फूटभर फरक असेल तर चौकोन तिरका आहे, आणि कारखान्यात बनलेला चौरस कागद तिरक्या खड्ड्यात एका कोपऱ्यात कमी पडतो, दुसऱ्यात चोळामोळा होतो. मग आत 21 मीटरचा चौरस आखा. पोकलेननं आधी हा आतला चौरस सरळ खाली न्यायचा आणि नंतर बाजू उतरत्या कापायच्या. बाजूंना मुद्दाम वीतभर जास्त माती सोडा आणि शेवटी ती हातानं तासा. ऑपरेटरनं जास्त कापलं की तो ती जागा सैल मातीनं भरून वर बकेट थोपटून देतो. डोळ्याला सुंदर दिसतं, पण तीच जागा पुढे खचते.

उतार तपासायला सुताराकडून एक त्रिकोण बनवून घ्या: उभी बाजू एक मीटर, आडवी दीड मीटर. तिरकी बाजू उतारावर टेकवायची आणि आडव्या पट्टीवर पाणसळ ठेवायची. मध्ये फट दिसेल तिथं खळगा आहे, त्रिकोण डुगडुगला तिथं उंचवटा. चारही काठ एका पातळीत आहेत का ते पारदर्शक नळीत पाणी भरून बघा. एक काठ वीतभर खाली असेल तर तळं तेवढंच कमी भरणार.

काठापासून दोन मीटर पट्टा मोकळा ठेवा आणि खोदलेल्या मुरमाचा बांध त्याच्या बाहेर घाला. आमच्या पहिल्या तळ्यात बांध काठालाच लागून होता आणि कागद दाबायचा चर त्याच सैल बांधात घेतला होता. पावसात बांध बसला, चर खाली गेला आणि कागद ओढला जाऊन कोपऱ्यात फाटला. ज्यांना पाणी जमिनीच्या वरपर्यंत साठवायचं आहे त्यांना भरावावर कागद टाकावाच लागतो. त्यांनी भराव वीतभर थरांत टाकावा, प्रत्येक थरावर पाणी मारावं आणि रोलर किंवा भरलेली ट्रॉली फिरवावी. टाच रोवून दाबल्यावर खूण उमटत नसेल तर पुढचा थर. नुसता ओतलेला भराव उंचीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत बसतो, म्हणजे दोन मीटर बांधाला वीस सेंटीमीटर.

अंगावर हात फिरवण्याचं काम

मला विचाराल तर अर्धं तळं इथंच पास होतं किंवा नापास होतं. यंत्रं निघून गेल्यावर पाच-सहा माणसं तीन-चार दिवस लावा. दगड, मुळांचे तुकडे, बाटलीच्या काचा, तारा हातानं वेचायच्या. मुरमात रुतलेला दगड वरून फोडू नका. फोडला की राहिलेल्या भागाला धार येते. पहारीनं समूळ उपटा आणि खड्डा ओल्या मातीनं ठोकून भरा.

मग लेप. आम्ही गाळाची माती अर्ध्या इंचाच्या चाळणीतून चाळली, त्यात गव्हाचा भुसा मिसळला, भिजवून एक रात्र ठेवली आणि उतारावर खालून वर दोन-तीन इंच जाड लिंपली, घराची भिंत लिंपतात तशी. तळाला चाळलेली कोरडी माती तीन इंच पसरून, पाणी मारून धुमसानं ठोकली. नुसती काळी माती वापरू नका. ती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांच्या काठावर कागद लोंबकळतो. काळ्या मातीतच तळं असेल तर वर मुरमाची बारीक चाळ मिसळून थर द्या आणि कागद पडेपर्यंत ओल टिकवा. ज्याला परवडतं त्यानं लेपाऐवजी जाड, न विणलेलं जिओटेक्सटाइल कापड अंथरावं. खडकाळ ठिकाणी ते पैसे वसूल करतं. जुने बारदान मात्र नको. ते कुजतं आणि खाली पोकळी राहते.

उतार आणि तळ जिथं भेटतात तो सांधा काटकोनी ठेवू नका, हातानं गोलाई द्या, तव्याच्या काठासारखी. काटकोनात कागद पूर्ण टेकत नाही, कर्णासारखा ताणून राहतो आणि मागे पोकळी उरते. पाण्याचा भार आला की तो त्या पोकळीत ढकलला जातो. तळापाशी सरळ रेषेत फाटलेले कागद मी जेवढे पाहिले, त्यातले बहुतेक इथंच फाटलेले होते. वरच्या काठालाही अशीच गोलाई द्या.

लेप सुकला की चपला काढा आणि सगळं तळं अनवाणी फिरा. माझे वडील हे सकाळी ऊन तिरपं असताना करायचे, कारण तिरप्या उन्हात खड्याचीसुद्धा सावली पडते. पायाला टोचलं तिथं वाकून हात फिरवायचा. माझ्या हिशेबानं त्या दिवशी आम्ही दोन घमेली खडे काढले, आणि ते तळं त्याआधी दोनदा वेचून झालं होतं. उंदीर-घुशीचं बीळ दिसलं तर नुसतं तोंड बुजवू नका. ते खणून शेवटपर्यंत जा आणि मुरूम ठोकून भरा.

चर

काठापासून 60 सेंटीमीटरवर चौफेर 50 सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल चर खोदा. कागद काठावरून येऊन चरात उतरतो, तळावर पसरतो आणि वर माती पडते. आतल्या बाजूची धार इथंही गोल करा.

आता कागदाचं माप काढता येतं. 3 मीटर खोलीला 1:1.5 उताराची तिरकी लांबी 5.41 मीटर. तळ 21, दोन उतार मिळून 10.82, आणि दोन्हीकडे काठ व चर धरून 1.6 मीटरप्रमाणे 3.2. बेरीज 35.02. त्यात ढिलाईसाठी जवळपास एक मीटर धरून 36 बाय 36 मीटर, म्हणजे 1,296 चौरस मीटर कागद. मागणी मात्र खड्डा पूर्ण झाल्यावर, टेपनं चारही बाजू आणि दोन्ही मध्यरेषा मोजून द्या. वहीत आखलेला खड्डा आणि खोदलेला खड्डा यांत हातभर फरक पडतोच.

जाडी खरी आहे का हे वजनावरून कळतं. साधा एचडीपीई कागद 500 मायक्रॉनचा असेल तर चौरस मीटरला सुमारे 470 ग्रॅम भरतो. दहा सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. 4.7 ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे. तीनच्या खाली आला तर तो 300 मायक्रॉनचा माल आहे. आमचा अख्खा कागद साधारण 610 किलोचा निघाला. विणलेल्या, लॅमिनेट केलेल्या कागदाला हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही. त्याचं चौरस मीटरचं वजन बिलावर लिहून घ्या आणि तुकडा त्याच्याशी ताडून बघा. या लॅमिनेट कागदासाठी आयएस 15351 हे भारतीय मानक आहे, त्याचा शिक्का मागा.

कागद पसरताना

शक्य असेल तर कारखान्यात जोडलेला एकच चौरस घ्या. शेतावर जोड द्यावेच लागले तर ते उताराच्या दिशेनं, वरून खाली जाणारे असावेत. आडवा जोड घसरणीचा सगळा ताण अंगावर घेतो. वेल्डिंग सुरू करण्याआधी दोन तुकडे जोडून थंड होऊ द्या आणि ओढून बघा. जोड सुटला तर यंत्राचं तापमान चुकलंय. कागद फाटला पण जोड टिकला तर काम सुरू करा.

हे काम सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करायचं. 1,296 चौरस मीटरचा कागद वाऱ्यानं उचलला तर वीस माणसांना ओढत नेतो. गठ्ठा वाऱ्याच्या बाजूच्या काठावर ठेवून तिथून पसरवायला लागा. कागद जमिनीवरून फरफटू नका, कडेला धरून उचलून न्या. आत उतरणारा प्रत्येक जण अनवाणी, आणि खिशात विडी-काडी नको. पसरला की चरात माती न टाकता काठावर मातीनं भरलेल्या पिशव्या ठेवा.

ही घाई बहुतेक जण करतात: कागद टाकला, लगेच चर बुजवला आणि संध्याकाळी कंत्राटदार मोकळा. काळा कागद भर उन्हात तापतो आणि रात्री थंड होतो. तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर बत्तीस मीटर लांबीच्या कागदात पंधरा-वीस सेंटीमीटर, म्हणजे जवळपास वीतभर फरक पडतो. दुपारी ताणून चर बुजवला तर रात्री तो आकसून तळाच्या सांध्यापाशी हवेत उचलला जातो. म्हणून ढिलाई ठेवा, सुरकुत्या दिसल्या तरी चालतील. फक्त कोपऱ्यातल्या जास्तीच्या कागदाची एक मोठी सपाट घडी घालून ती काठाकडे वळवा. पायानं चेपून टोकदार चुण्या पाडू नका.

मग पाणी सोडा, हळू. पाइपाखाली उरलेल्या कागदाचा दुहेरी तुकडा ठेवा, म्हणजे धार एकाच जागी आपटणार नाही. पाणी गुडघाभर झालं की थांबून चारी बाजूंनी बघा, कागद तळाच्या सांध्यात टेकला का. नसेल तर त्या बाजूच्या पिशव्या सैल करून कागद आत सरकू द्या. पाणी एक मीटर झालं की कागद स्वतःच्या जागी बसलेला असतो. मगच एखाद्या सकाळी चर बुजवून ठोका. पाणी बाहेर काढायला कागदाला भोक पाडून पाइप घालू नका. तरंगत्या ड्रमला फूटव्हॉल्व्ह बांधून काठावरून उचला.

आणि काठाला कुंपण करण्याआधी चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर खुंटाला बांधून पाण्यात सोडा. ओल्या कागदावरून पोहणाऱ्या माणसालाही बाहेर येता येत नाही.

गळतंय की उडतंय

उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाला आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. 29 मीटर लांब-रुंद पाण्यावर ते जवळपास पावणेसात हजार लिटर होतं, त्यामुळे पातळी उतरली की गळतीचा संशय येतोच. तपासायला एक बादली पाण्यानं भरून, तळाशी दगड ठेवून, तळ्याच्या पाण्यात कडेला अशी बसवा की तिचं तोंड थोडं वर राहील. बादलीत आणि तळ्यात पातळीची खूण करा, आणि त्या दिवसांत उपसा बंद ठेवा. चार दिवसांनी दोन्हीकडे सारखीच घट असेल तर पाणी उडतंय. तळ्याची घट जास्त असेल तर कागद कुठंतरी फुटलाय.

भोक शोधायला पाण्यात उतरायची गरज नसते. पातळी रोज एका काठीवर खुणेनं नोंदवा. जिथं जास्तीची घट थांबते आणि तळं पुन्हा बादलीच्या चालीनं उतरायला लागतं, त्या उंचीच्या रेषेवर किंवा तिच्या जरा वर भोक असतं. मागच्या मार्चमध्ये आमचं तळं रोज दोन बोटं उतरत होतं आणि काठीवर सव्वादोन मीटरला घट एकदम मंदावली. त्या रेषेनं काठाकाठानं फिरताना पूर्वेच्या बाजूला करंगळी जाईल एवढा काप सापडला. पलीकडे मातीत कुत्र्याच्या पायांच्या खुणा होत्या. पाणी प्यायला उतरलं असणार. कागद कोरड्या फडक्यानं पुसला, त्याच कागदाचा तुकडा कोपरे गोल करून, चारी बाजूंनी वीतभर जास्त कापला, गरम हवेच्या गननं दोन्ही अंगं मऊ केली आणि छोट्या रोलरनं दाबली. एचडीपीईला साधा गोंद धरत नाही, चिकटपट्टी दोन उन्हांत सुटते. ठिगळ लावल्यावर पुन्हा बादली ठेवली. चौथ्या दिवशी दोन्ही खुणा एका पातळीत होत्या.